फ्रिज घेताना ताऱ्यांआधी युनिट वाचा

दुकानदार आधी तारे दाखवतो. तुम्ही लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा पाहा. तारे फ्रिजच्या प्रकाराच्या आणि आकाराच्या मानाने मिळतात, म्हणून चार स्टारचा मोठा फ्रिज तीन स्टारच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

समजा, लेबलवर १८० युनिट आहेत. बाराने भागलं की महिन्याला १५. आता घरचं महावितरणचं बिल काढा. सध्या ९५ युनिट येत असतील, तर पहिल्या शंभरात फक्त ५ मावतात. उरलेले १० युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात, म्हणजे महाग दराने लागतात. दोन्ही दर बिलावरच असतात. त्यात दर युनिटचा वहन आकार मिळवा आणि वर वीज शुल्क धरा. बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागून सरासरी दर काढू नका, खर्च कमी दिसतो.

आणि हो, लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली, कॉम्प्रेसर दुपारभर थांबत नाही. एप्रिल ते जून मी हिशेबात दीडपट युनिट धरतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे आणि चुलीपासून लांब ठेवा.