सेमिनारच्या आदल्या रात्री नव्याने रचलेले लोणार

भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकणारी माझ्या वसतिगृहातील एक मुलगी दुसऱ्या दिवशीच्या दहा मिनिटांच्या सेमिनारसाठी लोणार सरोवरावरच्या वीस-बावीस स्लाइड्स घेऊन रात्री माझ्याकडे आली, तेव्हा ती पुरती घाबरलेली होती. लवणासुराची कथा, दैत्यसूदन मंदिर, लाव्हा थिजून झालेला दख्खनचा बेसाल्ट खडक, जून 2020 मध्ये गुलाबी झालेले पाणी, असे सारे त्यात होते. मात्र एका स्लाइडनंतर दुसरी का येते, हे तिला सांगता येत नव्हते. तिच्या भीतीचे मूळ मला तिथेच दिसले, कारण क्रम नसलेले भाषण शब्दशः पाठ करावे लागते आणि एक वाक्य निसटले की पुढचे आठवत नाही.

वर्गाला एकच गोष्ट सांगायची झाली तर कोणती सांगशील, असे मी विचारले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ताई, लोणार ज्वालामुखीमुळे नव्हे, तर अशनीच्या आघाताने झाले, हे कशावरून ठरले, ते सांगेन."

मग तिने स्लाइड्स बाजूला ठेवून कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येकीवर मथळ्याऐवजी पूर्ण विधान लिहिले. 'खडक' या मथळ्याच्या जागी 'विवर बेसाल्टमध्ये असल्यामुळे ज्वालामुखीचा संशय साहजिक होता' असे वाक्य आले. जे विधान तिच्या प्रश्नाच्या उत्तराला हातभार लावत नव्हते, ती चिठ्ठी बाजूला गेली. गुलाबी पाण्याने सुरुवात करण्याचा तिला मोह होता. पण त्यामुळे वर्गाच्या मनात सूक्ष्मजीवांविषयीचा वेगळाच प्रश्न उभा राहिला असता, म्हणून तेही वगळले.

उरलेल्या चिठ्ठ्या जमिनीवर ओळीने मांडून तिने फोनवर वेळ लावली आणि मोठ्याने बोलून पाहिले. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या गोल विवराकडून ती थेट मॅस्केलिनाइट या आघाताने बनणाऱ्या काचेकडे वळली आणि तिथेच अडखळली. अडखळण्याची जागा ही बहुधा तुटलेल्या दुव्याची जागा असते. गोल विवर ज्वालामुखीनेही होऊ शकते, त्यामुळे केवळ आकार हा पुरावा ठरत नाही, हे वाक्य मध्ये नव्हते. ते घातल्यावर पुढचे आपोआप जुळले: सरोवराच्या तळाखाली छिद्रे घेऊन काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचे 1973 मध्ये प्रसिद्ध झाले, प्लॅजिओक्लेज या खनिजाची अशी काच होण्यास लागणारा आघाताचा प्रचंड दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही.

पाठ केली ती केवळ सुरुवातीची दोन वाक्ये. विवराच्या वयाची स्लाइड मूळ प्रश्नाच्या बाहेरची असल्यामुळे तिने समारोपानंतर राखून ठेवली. सकाळी वर्गात पहिला प्रश्न वयाचाच आला, तेव्हा तिने ती उघडली आणि एका पद्धतीने सुमारे 52,000 वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने सुमारे 5,70,000 वर्षे असे वय येते, हे शांतपणे सांगितले.