मीम मराठीत आणताना या चुका टाळा: चित्र हा वाक्याचाच भाग असतो

अनुवादासाठी माझ्याकडे मीम येतात ती बहुतेक वेळा एक्सेलच्या शीटमध्ये. एका रकान्यात इंग्रजी ओळ, शेजारी मराठीसाठी रिकामा रकाना. चित्रं कुठे आहेत विचारलं की उत्तर मिळतं, "ती डिझायनरकडे आहेत, तुम्ही फक्त मजकूर करून द्या." असं काम मी आता घेत नाही. चित्राशिवाय मीमचा अनुवाद म्हणजे अर्धं वाक्य वाचून पूर्ण वाक्याचा अनुवाद करणं. नव्याने काम करणारे मात्र रोज हेच करतात, कारण चाळीस ओळी तासाभरात उरकतात. मग तेच ते घोळ पुन्हा माझ्यासमोर तपासायला येतात.

'जेव्हा' लिहिलं की 'तेव्हा' आलंच

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती शब्दांची नसून व्याकरणाची आहे.

इंग्रजीत 'व्हेन यू…' ने सुरू होणारी मीम ढिगाने असतात. समजा ओळ आहे 'चुकून सेल्फी कॅमेरा उघडतो तेव्हा' अशा अर्थाची आणि खाली हनुवटीच्या तीन घड्या पडलेला, भांबावलेला बुलडॉग. इंग्रजी वाक्य तिथेच तुटलेलं असतं. मुख्य वाक्य लिहिलेलंच नसतं, ते काम बुलडॉग करतो.

नवखा अनुवादक लिहितो, "जेव्हा तुम्ही चुकून पुढचा कॅमेरा उघडता, तेव्हा तुमचा चेहरा असा दिसतो." वाक्य शुद्ध आहे आणि विनोद गेलेला आहे. मराठीत 'जेव्हा' म्हटलं की कान 'तेव्हा'ची वाट बघतो, म्हणून हात आपोआप उरलेलं वाक्य भरतो आणि बुलडॉगला काही कामच उरत नाही. त्यात 'तुम्ही' घातलं की ओळ सोसायटीच्या सूचनेसारखी वाटते.

मराठीकडे याला घरचा उपाय आहे: '-ल्यावर' आणि '-ताना'. "चुकून सेल्फी कॅमेरा चालू झाल्यावर" एवढं लिहायचं आणि थांबायचं. 'तुम्ही' नको, 'असा' नको, टिंबटिंबही नको. '-ल्यावर'ने वाक्य लोंबकळत राहतं आणि वाचणाऱ्याची नजर स्वतःहून खाली चित्राकडे जाते.

पण '-ल्यावर' आणि '-ताना' यांची अदलाबदल करता येत नाही. समजा ओळ पाहुण्यांसमोरच्या बिस्किटाची आहे. "पाहुण्यांसमोर चौथं बिस्किट उचलताना" असं लिहिलं तर खालचं चित्र बिस्किट उचलणाऱ्याचं असायला हवं: चोरटी नजर, पुढे गेलेला हात. "पाहुण्यांसमोर चौथं बिस्किट उचलल्यावर" लिहिलं तर त्याच जागी आईचे डोळे हवेत. इंग्रजीतलं 'व्हेन' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे इंग्रजी ओळ बघून काहीच ठरत नाही. चित्रात कृती चालू आहे की तिचा परिणाम दिसतोय, हे चित्र बघूनच कळतं. रिकाम्या शीटवर काम करणाऱ्याने इथे नुसता अंदाज बांधलेला असतो.

लिंगाचंही तसंच. इंग्रजीतला 'मी' कुणाचाही असतो. मराठीत 'मी झोपलो' किंवा 'मी झोपले' लिहिलं की निम्मे वाचक बाहेर. म्हणून मी क्रियापदच टाळते. "सोमवारी सकाळी गजर झाल्यावर मी" एवढं पुरतं. पुढचं चित्रातलं मांजर बघून घेईल.

माझी तपासायची सवय साधी आहे. चित्रावर हात ठेवून ओळ वाचते. हात ठेवूनही गंमत पूर्ण कळली, तर ओळ जास्त बोलतेय. मग ओळीवर हात ठेवून चित्र बघते. दोन्ही वेळा काहीतरी अपुरं वाटायला हवं.

आगीतला कुत्रा आणि 'हे योग्य आहे'

केसी ग्रीन यांच्या 2013 सालच्या वेबकॉमिकमधली पहिली दोन चित्रं जगभर फिरली. पेटलेल्या खोलीत छोटी टोपी घातलेला कुत्रा टेबलाशी बसलाय, समोर कॉफीचा मग, वर धूर. पहिल्या चौकटीत तो गप्प आहे, दुसऱ्या चौकटीत शांतपणे म्हणतो, 'धिस इज फाइन.'

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या सायबर सुरक्षेच्या पोस्टरचं काम आमच्याकडे आलं होतं. या कुत्र्याच्या वर "सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड" अशी ओळ होती आणि त्याच्या तोंडी ते तीन शब्द. शीटमध्ये चित्र नव्हतं. एका सहकाऱ्याने लिहिलं, "हे योग्य आहे." मीही फक्त शीट तपासली आणि पुढे पाठवली. तिकडे पोस्टर रंगीत न छापता त्याच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्स काढून नोटीस बोर्डावर लावल्या गेल्या. करड्या रंगात त्या ज्वाळा नक्षीच्या पडद्यासारख्या दिसत होत्या. आठवड्याभराने तिथल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने मनापासून विचारलं, "म्हणजे सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायला आता परवानगी आहे ना?" त्यांचं वाचन अगदी बरोबर होतं. त्या कागदावर तेवढंच लिहिलेलं होतं. सुरक्षेसाठी लावलेलं पोस्टर उलटा सल्ला देत होतं आणि त्यातली निम्मी चूक माझी होती. मला आजही ते लागतं.

ही ओळ मराठीत कशी आणायची, हे मी नंतर नीट बसून बघितलं. "हे ठीक आहे" शब्दशः जवळचं वाटतं, पण मराठी वाचक 'हे' म्हणजे काय ते शोधायला लागतो: कॉफी, खोली की पासवर्ड? इंग्रजीतलं 'धिस' इथे अख्ख्या परिस्थितीबद्दल आहे, आणि तशा वेळी मराठी माणूस 'सगळं' म्हणतो. "चालतंय की" ऐकायला गोड आहे, माझ्या सांगलीच्या मैत्रिणीने तेच सुचवलं होतं. पण त्यात फिकीर नसलेला माणूस दिसतो. हा कुत्रा बेफिकीर नाही, तो स्वतःला समजावतोय. "होईल सगळं ठीक" म्हटलं की आत्ता ठीक नाही हे त्याने कबूल केलं, आणि सगळी गंमत तर त्याच्या कबूल न करण्यात आहे. "आग लागली तरी म्हणे सगळं ठीक आहे" ही सगळ्यात वाईट ओळ, कारण आग चित्रात आहे, ती पुन्हा सांगून आपण चित्राचं तोंड बंद करतो.

शेवटी माझं उत्तर ठरलं: "सगळं ठीक आहे." पुढे पूर्णविराम. उद्गारचिन्ह बिलकुल नको, कारण कुत्र्याचा चेहरा शांत आहे. उद्गारचिन्ह लावलं की तो ओरडतोय असं वाटतं आणि चेहरा खोटा पडतो.

तेव्हापासून दोन गोष्टी आधी विचारते: चित्र पाठवा, आणि हे कुठे, कोणत्या आकारात, किती रंगात छापणार ते सांगा. ज्या मीमचा अर्थ रंगावर उभा आहे, ते झेरॉक्सला द्यायचंच नाही.

'हे कबुतर आहे का?'

1991 सालच्या एका जपानी ॲनिमेशन मालिकेतलं हे दृश्य. एक तरुण फुलपाखराकडे हात करून विचारतो, हे कबुतर आहे का? लोक यात तीन नावं भरतात: तरुणावर कोण, फुलपाखरावर खरी गोष्ट, आणि खाली त्याचा गैरसमज. मूळ प्रश्न मराठीत सहज बसतो, कारण फुलपाखरू आणि कबुतर दोन्ही नपुंसकलिंगी. म्हणून लोक 'हे … आहे का?' हा साचा पाठ करतात आणि पुढच्या मीमला अडकतात. फुलपाखरावर "रात्री अकराचा ऑफिसचा मेसेज" आणि खाली 'टीमवर्क' आलं तर "हे टीमवर्क आहे का?" चालून जातं. पण तिथे 'मैत्री' आली की 'ही' करावं लागतं, आणि बोट ज्याच्याकडे आहे त्या मेसेजशी तो शब्द जुळत नाही.

मी "यालाच मैत्री म्हणतात का?" असं लिहिते. 'याला' फुलपाखरावरच्या पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दाला चालतं, खालचा शब्द कोणत्याही लिंगाचा असो. शिवाय त्या तरुणाचा गोंधळ नावाचाच आहे, म्हणून 'म्हणतात का' त्याच्या तोंडी शोभतं. फुलपाखरावर स्त्रीलिंगी शब्द असेल, तर 'हिलाच' करून बघण्यापेक्षा तो शब्दच बदलते: 'मीटिंग'ऐवजी 'मीटिंगचं बोलावणं'.

बाकीच्या, थोडक्यात

वळून दुसऱ्या मुलीकडे बघणाऱ्या तरुणाच्या प्रसिद्ध फोटोवर तीन नावं असतात. ती तिन्ही एकाच रूपात ठेवा. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'अभ्यास करणं', तिसऱ्यावर 'मोबाइलला' असं दिसलं की डोळा अडखळतो. 'मी', 'अभ्यास', 'मोबाइल' पुरेत.

इंग्रजीत लहानमोठी अक्षरं मिसळून वेडावून दाखवतात. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून लोक ठळक टाइप वापरतात, पण त्याने ओळ रागावल्यासारखी दिसते. आपल्याकडे अवग्रह आहे. तोंड वाकडं केलेल्या चित्राखाली "आऽभ्याऽस कऽर" लिहा, आवाज ऐकू येतो.

चित्रावर अक्षरं चढवल्यावर 'विद्यार्थ्यांची' हा एक शब्द टाकून बघा. वेलांटी 'व'च्या उजवीकडे गेली, जोडाक्षर फुटलं किंवा रफार भलतीकडे बसला, तर ते सॉफ्टवेअर देवनागरी जोडत नाही, मग फाँट कितीही बदला. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत घुसतात. जाड काळी कड दिली असेल तर ते आणखी वाईट दिसतं.

शब्दावरच उभं असलेलं मीम आलं तर घाई करू नका. मराठीतलंच उदाहरण घ्या. एक मुलगा इतिहासाच्या पुस्तकाकडे पाठ फिरवून झोपलाय आणि खाली लिहिलंय, "इतिहास पाठ केला." हे इंग्रजीत न्यायला बसा. पाठीचा शब्द वेगळा, पाठांतराचा वेगळा, आणि चित्र तर पाठच दाखवतंय. कंसात खुलासा जोडणाऱ्यांचं काम मी परत पाठवते. अशा वेळी मी ग्राहकाला स्पष्ट लिहून कळवते की याचा अनुवाद होत नाही, हवं तर त्याच विषयावर नवीन चित्र आणि नवीन ओळ मिळून दुसरं मीम करून देते. त्याचे पैसे वेगळे लागतात, आणि ते मी काम सुरू करण्याआधीच सांगते.