पडद्यासाठी कापड किती घ्यावे: पन्हा, घेर आणि दुमड यांचा हिशेब

पडदे शिवण्याचे काम शिकायला येणारी बहुतेक मंडळी आधी खिडकी मोजतात आणि त्या मापाला दोनने गुणून कापडाचे मीटर काढतात. मी मात्र त्यांना पहिली गोष्ट सांगते ती अशी, की कापड मीटरवर विकले जात असले तरी पडद्याचा हिशेब पट्ट्यांत होतो. कापडाचा पन्हा, म्हणजे त्याची रुंदी, ठरलेला असतो. त्यामुळे पडद्याच्या उंचीइतके किती पट्टे लागतील हे आधी ठरवायचे आणि मगच त्यांची लांबी एकत्र करायची. पट्टा पूर्णच घ्यावा लागत असल्याने आकडा नेहमी वरच्या पूर्ण संख्येला न्यायचा असतो, आणि अंदाज चुकतो तो बहुधा इथेच.

रुंदीचे माप काचेचे किंवा चौकटीचे न घेता दांडीचे घ्यावे, कारण पडदा दांडीभर पसरतो. समजा खिडकी 150 सेंटीमीटर रुंद आहे आणि दांडी दोन्ही बाजूंना 20 सेंटीमीटर पुढे जाते, तर आपले माप 190 होते. याला घेराने, म्हणजे चुण्या पडण्यासाठी दांडीच्या किती पट कापड हवे त्या आकड्याने, गुणायचे. साधारण जाडीच्या कापडाला दुप्पट घेर चांगला दिसतो. जाड, वजनदार कापडाला दीडपटीच्या थोडे वर असले तरी चालते, पण पातळ, पारदर्शक कापडाला अडीचपट तरी हवाच. घेर कमी पडल्याची खूण ओळखणे सोपे आहे: पडदा पूर्ण ओढला की चुण्या नाहीशा होतात आणि कापड चादरीसारखे सपाट ताणले जाते.

आपल्या उदाहरणात दुप्पट घेर धरला तर 380 सेंटीमीटर झाले. डावा आणि उजवा असे दोन पडदे करायचे आहेत, म्हणजे उभ्या कडा चार; प्रत्येक कडेला दुहेरी दुमडीसाठी 5 याप्रमाणे 20 मिळवले की 400. पट्टे जोडताना प्रत्येक शिवणीत दोन्हीकडचे मिळून 3 सेंटीमीटर जातात. आता 137 सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडाचे तीन पट्टे घेतले तर 411 मिळतात, आणि दोन जोडांचे 6 धरून गरज 406 ची आहे. म्हणजे ते जेमतेम पण नीट बसते. प्रत्येक पडद्याला दीड पट्टा येतो. अर्धा पट्टा भिंतीकडच्या बाजूला ठेवावा, म्हणजे जोड चटकन नजरेत येत नाही. त्याची कापलेली कड बाहेरच्या दुमडीत जाते आणि मूळ काठाची कड पूर्ण पट्ट्याला जोडली जाते.

हेच कापड 120 पन्ह्याचे असते तर निर्णय घ्यावा लागला असता. तीन पट्ट्यांत जोड आणि दुमड वजा जाता घेर जवळपास पावणेदोनपट उरतो, तर चार पट्ट्यांत तो दुपटीच्या बराच वर जातो. कापड जाड असेल तर मी तीनवर थांबते, पातळ असेल तर चौथा पट्टा घेते. पन्ह्याची चौकशी न करता केवळ मीटर सांगून कापड घेऊ नये, ते याचसाठी.

उंचीचा हिशेब तुलनेने सरळ आहे. तयार पडदा 215 सेंटीमीटरचा हवा असेल, तर खाली 10 सेंटीमीटरच्या दुहेरी दुमडीसाठी 20, वरच्या पट्टीसाठी 12 आणि कापड काटकोनात कापून घेण्यासाठी 3 असे मिळवून एका पट्ट्याची लांबी 250 होते. वरची बाजू कशी शिवायची यावर हे 12 बदलतील, म्हणून ती पद्धत आधी ठरवावी. खालच्या दुमडीत मात्र काटकसर करू नये, कारण तिच्या वजनानेच पडदा सरळ पडतो. तीन पट्ट्यांचे 750, म्हणजे साडेसात मीटर.

कापडावर मोठी नक्षी असेल तर एवढ्यावर भागत नाही. समजा नक्षी दर 64 सेंटीमीटरला पुन्हा सुरू होते. सगळ्या पट्ट्यांवर फुले एका ओळीत यायची असतील तर प्रत्येक पट्टा 64 च्या पूर्ण पटीत, म्हणजे 250 ऐवजी 256 चा कापावा लागेल आणि एकूण 768 लागतील. शिवाय नक्षी तळाशी अर्धवट तुटू नये म्हणून कापणी ठरावीक जागेपासून सुरू करायची असेल, तर नक्षीचा आणखी एक टप्पा, म्हणजे 64 सेंटीमीटर, जवळ असावा. अशा वेळी मी सव्वाआठ मीटरच्या थोडे वरच घ्यायला सांगते.

सुती कापड आटते, हेही धरायला हवे. ते तीन टक्के आटले तर 215 चा पडदा पहिल्या धुण्यानंतर साडेसहा सेंटीमीटर आखूड होतो आणि जमिनीपासून वर उचललेला दिसतो. म्हणून साध्या सुती कापडासाठी साडेसातऐवजी पावणेआठ मीटर घ्यावे, ते कापण्यापूर्वी धुऊन इस्त्री करावे आणि आटल्यावर पन्हा पुन्हा मोजावा. आडव्या दिशेने ते थोडेसेच आटले, तरी आपल्या तीन पट्ट्यांतले शिल्लक 5 सेंटीमीटर त्यातच जातात, आणि मग घेर दुपटीपेक्षा किंचित कमी धरून चालावे लागते.