माल कमी, तरी भाव पडला: संत्र्याच्या बगिच्यातून समजलेला समतोल

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बिझनेस इकॉनॉमिक्समध्ये मागणी-पुरवठ्याचा धडा मी पाठ केला होता. पुरवठा घटला की किंमत वाढते, संपलं. दिवाळीत घरी आलो तेव्हा बाबांनी त्याची वाट लावली. आमचा वरुडकडे आंबिया बहाराचा बगीचा. त्या वर्षी फळगळ जबर झाली होती. बाबा म्हणाले, "माल कमी हाय, मंग भाव काऊन पडला? तुह्या पुस्तकात काय लिवलं हाय?"

मी गप्प. मग वही काढून बसलो. तेच इथे मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, बाजारातले नाहीत.

भाव P म्हणजे किलोला रुपये, आणि Q म्हणजे दिवसाला टन. मागणी Q = 100 - 2P आणि पुरवठा Q = 3P धरू. दोन्ही सारखे करा: 100 - 2P = 3P, म्हणजे P = 20 आणि Q = 60. वीस रुपयांना जेवढा माल येतो तेवढाच उचलला जातो. हा समतोल.

आता फळगळ. प्रत्येक भावाला 25 टन माल कमी येणार, म्हणून पुरवठा Q = 3P - 25. आख्खा वक्र डावीकडे सरकला. जुन्याच वीस रुपयांना आता 35 टन येतो, मागणी मात्र 60 टनांची. तूट 25 टनांची, म्हणून भाव चढू लागतो. नवा समतोल 25 रुपये आणि 50 टन.

इथे मी बरेच दिवस अडखळलो. वक्र 25 टनांनी सरकला, मग विक्री 10 टनांनीच का घटली? कारण भाव वीसवरून पंचवीसवर जाताना दोन्हीकडून तूट भरून निघते. गिऱ्हाईक हात आखडतं, मागणी 60 वरून 50 वर येते. इकडे चढा भाव बघून जास्त माल तोडला जातो, 35 चा 50 होतो. दहा आणि पंधरा मिळून पंचवीस.

गिऱ्हाइकाने हात आखडला म्हणजे मागणीचा वक्र सरकला, असं मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्क गमावले होते. मागणीचा वक्र जागचा हललेलाच नाही; आपण त्याच वक्रावरून वर चढलो. याला मागणीचा संकोच म्हणतात. ऱ्हास वेगळा. ओळखायची माझी खूण एकच: कारण त्याच मालाचा भाव असेल तर वक्रावरून चालणं, कारण दुसरं काही असेल तर वक्र सरकणं.

तसं दुसरं कारण त्या वर्षी होतंच. आपला संत्रा बांगलादेशात बराच जायचा. तिकडे आयात शुल्क वाढलं आणि तिकडच्यासाठी माल भरणारे व्यापारी कमी झाले. इथल्या बाजारात भाव तोच असला, तरी घेणारे हात कमी. वहीत ते 30 टन धरू: मागणी Q = 70 - 2P. फळगळ झाली नसती तर 70 - 2P = 3P, म्हणजे 14 रुपये. नुसती फळगळ असती तर 25. दोन्ही एकदम झालं तर 70 - 2P = 3P - 25, म्हणजे 19 रुपये आणि 32 टन.

दोन्ही वक्र डावीकडे सरकले की विक्री घटणार, हे नक्की. भावाचं मात्र नुसत्या आकृतीवरून सांगता येत नाही; कोणता धक्का मोठा, त्यावर ते ठरतं. म्हणून प्रश्नात आकडे दिले नसतील तर "किंमत वाढेल" असं ठोकून देऊ नका, "अनिश्चित" लिहा आणि तिन्ही शक्यता दाखवा.

बाबांना वही दाखवली. ते म्हणाले, "एक रुपया पडला म्हणतं तू. त्याहून जास्त पडला."

चूक माझीच होती. Q = 3P मध्ये मी धरलं होतं, की भाव पडला तर शेतकरी माल झाडावर ठेवेल. हंगामाच्या सुरुवातीला काही दिवस ते जमतंही. पण फळ पूर्ण पिकलं की थांबता येत नाही, गळून सडण्यापेक्षा मिळेल त्या भावाला द्यावं लागतं. तेव्हा पुरवठ्याची रेघ जवळजवळ उभी होते. समजा, त्या दिवसांत भाव काहीही असो, 35 टनच येणार. मग 70 - 2P = 35, म्हणजे साडेसतरा रुपये. तिरप्या रेघेत भाव पडला की थोडा माल मागे राहून भावाला टेकू मिळायचा, उभ्या रेघेत तो टेकूच नाही.

बाबांनी साडेसतराच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे जवळचं हाय," म्हणाले, आणि तोड्याला मजूर सांगायला निघून गेले.