आठवड्याची गोळी: माहितीपत्रक अनुवादाला घेण्याआधीची तयारी

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम आलं, की फाइल उघडण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून समोर ठेवावी: संधिवात आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घेतात. रोज घेतली तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं, तोंड येतं, जंतुसंसर्ग आवरत नाही आणि माणूस दगावू शकतो. ही चूक वारंवार होत राहिल्यामुळे २०१९ मध्ये युरोपियन औषध संस्थेने वेष्टनावरच्या ठळक इशाऱ्यासह काही नवे उपाय सुचवले. म्हणजे मूळ मजकूर चोख असतानाही लोक चुकतात. त्यात आपण भर घालायची नाही, एवढ्यासाठी ही तयारी.

पहिल्यांदा काम देणाऱ्याकडून तीन गोष्टी मागून घ्या: मूळ माहितीपत्रकाची अखेरची मंजूर आवृत्ती, स्ट्रिप आणि खोक्यावरचा मजकूर, आणि पत्रक कोणत्या आजारासाठी आहे याचा खुलासा. शेवटची गोष्ट अनेकजण विचारत नाहीत. पण हेच औषध काही कर्करोगांवर वेगळ्या मात्रेत आणि वेगळ्या वेळापत्रकाने देतात, आणि दोन्ही उपयोग एकाच पत्रकात असतील तर कोणतं वाक्य कोणत्या रुग्णासाठी आहे हे परिच्छेदागणिक खूण करून ठेवावं लागतं. स्ट्रिप हवी ती आकड्यांसाठी. या गोळ्या २.५ आणि १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळतात. सहा गोळ्या २.५ च्या घेतल्या तर १५ मिलिग्रॅम होतात, १० च्या घेतल्या तर ६०. स्ट्रिपवर आकडे इंग्रजी असतील तर ताकद सांगताना पत्रकातही तेच ठेवावेत, कारण रुग्ण दोन्ही शेजारी धरून जुळवतो. मायक्रोग्रॅम कुठे आलाच तर तो पूर्ण लिहा. ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मा.ग्रॅ.’ यांत फक्त वेलांटी आणि काना एवढाच फरक आहे.

यानंतर मूळ मजकुरातले सगळे आकडे आणि काळाचे शब्द वेगळ्या तक्त्यात उतरवा: किती, कधी, किती दिवसांनी, कमाल किती. वाक्यांना हात लावण्याआधी या तक्त्याचं मराठी पक्कं करायचं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, कारण मराठीत दिवस मोजण्याची रीत फसवी आहे.

आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा मनात सात दिवस असतात. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे चौदा. बोलण्यात कुणाचं अडत नाही, पण पत्रकात ‘दर आठ दिवसांनी’ लिहिलं की एकजण सोमवारनंतर पुढचा सोमवार धरतो आणि दुसरा बोटं मोजून मंगळवारवर येतो. ‘दिवसाआड’ सगळ्यांना कळतं, पण ‘दोन दिवसांआड’ म्हणजे मध्ये दोन दिवस सोडून की दर दोन दिवसांनी, यावर एका घरातही एकमत होत नाही. म्हणून माझ्या तक्त्यात ‘आड’ हा शब्दच नसतो. वाराचं नाव असतं किंवा तास असतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. समजा मूळ सूचनेचा आशय असा आहे: मात्रा १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. पहिल्या खर्ड्यात सहज लिहिलं जातं, ‘आठवड्याला सहा गोळ्या घ्याव्यात.’ व्याकरण ठीक, हिशोबही बरोबर. पण वाचणारा म्हणतो, सहा दिवस रोज एक आणि रविवारी सुट्टी. गोळ्या तितक्याच पोटात गेल्या, तरी औषध रोज मिळत राहिल्याने पेशींना सावरायला मधले दिवस उरत नाहीत. ‘आठवड्यातून एकदा सहा गोळ्या’ हे बरं, पण अजून अपुरं. मी असं लिहीन: ‘ही गोळी रोज घ्यायची नाही. आठवड्यातला एक वार ठरवा. फक्त त्याच दिवशी सहाही गोळ्या घ्या. बाकीचे सहा दिवस ही गोळी घ्यायची नाही.’ आणि खाली रिकामी ओळ: ‘माझा वार: ______’. मूळ मजकुरात एक वाक्य आणि इथे चार, म्हणून ती जास्तीची वाक्यं आणि रिकामी ओळ काम देणाऱ्याकडून मंजूर करून घ्या. आपल्या अखत्यारीत भर घालू नका.

चुकलेल्या मात्रेचा परिच्छेद असाच तपासायचा. ‘दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या’ अशा अर्थाची सूचना काही पत्रकांत असते. मग प्रश्न येतो की ठरलेला सोमवार त्या दोन दिवसांत मोजायचा का. काम देणाऱ्याला वारांच्या भाषेत विचारा: सोमवारची मात्रा बुधवारी आठवली तर घ्यायची का, आणि गुरुवारी? उत्तर लेखी घ्या. फॉलिक ॲसिडच्या सूचनेलाही हाच नियम, कारण तेही बहुतेकदा सोबत दिलेलं असतं, दोन्ही गोळ्या अनेकदा पिवळ्याच असतात, आणि ‘ती गोळी’, ‘ही गोळी’ अशा सर्वनामांत अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. प्रत्येक वाक्यात औषधाचं नाव पुन्हा लिहा. कंटाळवाणं दिसलं तरी चालेल.

जुने अनुवाद साठवून तसंच वाक्य आलं की सुचवणारी ट्रान्सलेशन मेमरी वापरत असाल तर मात्रेच्या परिच्छेदापुरती ती बंद ठेवा. ‘दिवसातून एकदा घ्या’ आणि ‘आठवड्यातून एकदा घ्या’ ही वाक्यं यंत्राला जवळपास सारखीच दिसतात. जुन्या कामातलं ‘दिवसातून’ पुढे येतं आणि दमलेला डोळा ते मान्य करून टाकतो.

लक्षणांसाठी लोकांचे शब्द आधीच ठरवा. ‘मुखव्रण’ वाचून कुणी डॉक्टरकडे धावणार नाही, ‘तोंड आलं’ म्हटलं की कळतं. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, ताप, घसा दुखणं, धाप लागणं: एवढे शब्द पुरतात.

तपासणीत उलट अनुवादावर, म्हणजे मराठी मजकूर पुन्हा मूळ भाषेत करून पाहण्यावर, फार विसंबू नका. तो करणारा मराठी जाणकार असतो, त्यामुळे ‘दर आठ दिवसांनी’ पाहून तो ‘आठवड्यातून एकदा’ असंच परत लिहितो आणि चूक चाळणीतून निसटते. त्यापेक्षा औषधाशी संबंध नसलेल्या चार-पाच माणसांना पत्रक द्या, कोरं कॅलेंडर द्या आणि सांगा, पुढच्या तीन आठवड्यांत गोळ्या कधी घ्याल त्या तारखांवर आकडा लिहा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कॅलेंडरवर तीन तारखा आणि प्रत्येकीवर सहा दिसले तर ठीक. एकानेही वेगळं लिहिलं तर वाक्य बदलायचं आणि नव्या माणसांकडून पुन्हा भरून घ्यायचं.

शेवटी छापायच्या मापात पान मागवा. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो, आणि अरुंद रकान्यात ‘रोज घेऊ’ एका ओळीत आणि ‘नका’ पुढच्या ओळीत, कधी घडीपलीकडे जातं. तिथे न तुटणारी मोकळी जागा टाकायला सांगा. ‘२.५’ आणि ‘मिलिग्रॅम’ यांच्यामध्येही तीच. मग तुमचा पहिला तक्ता काढा, छापील पानावरचा एकेक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या माणसाला मूळ मजकुरात खूण करायला लावा.