वहीत नफा, तरी मालक मागेच: हिशेबातल्या या चुका टाळा

एकट्या मालकाची दुरुस्तीची कार्यशाळा घेऊ. आकडे वर्षाचे आहेत, चलन कुठलंही धरा. जमा 1000. सुटे भाग, पगार, वीज, कर्जाचं व्याज, घसारा असा खर्च 700. वहीत नफा 300. हा हिशेबी नफा. तो खोटा नाही, फक्त अपुरा आहे, कारण मालकाने स्वतः दिलेल्या गोष्टींचं बिल कुणीच पाठवत नाही.

पहिली चूक तीच: स्वतःचा वेळ फुकट धरणं. हा मालक नोकरीत राहिला असता तर 220 मिळाले असते. जागा त्याची स्वतःची आहे, भाड्याने दिली असती तर 60 आले असते. हातातून पैसा गेला नाही, पण सोडलेली कमाई हाही खर्चच. यालाच संधी खर्च म्हणतात.

भांडवलापाशी जास्त गडबड होते. यंत्रं 700 ला घेतली होती, आज विकली तर 500 येतील. हिशेब 500 वर करायचा. वरचे 200 आता परत येत नाहीत, त्यामुळे पुढच्या निर्णयात त्यांना जागा नाही. या 500 मधलेही 200 कर्जाचे आहेत आणि त्यांचं व्याज वर्षाच्या 700 च्या खर्चात आधीच धरलंय. स्वतःचे म्हणून राहतात 300. तेवढ्याच जोखमीच्या ठिकाणी 8 टक्के मिळत असतील, तर खर्च 24. पूर्ण 500 वर 8 टक्के लावून 40 लिहिले, की कर्जाचा भार दोनदा मोजला जातो. ही चूक मला अनुभवी हिशेबनिसांच्या कागदांतही दिसते.

आता 300 मधून 220, 60 आणि 24 वजा करा. उरतात उणे 4. हाच आर्थिक नफा. वहीत 300 चा नफा असूनही हा माणूस दुसऱ्या वाटेपेक्षा 4 ने मागे आहे. नेमका शून्य आला असता तर घाबरायचं कारण नव्हतं: वेळ, जागा आणि पैसा यांचा पूर्ण मोबदला मिळतोय, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी दोन ठिकाणी आकडा फसतो. मालक दरमहा घरखर्चासाठी उचलतो ती रक्कम एकल मालकीत खर्च नसते, ती नफ्यातली उचल असते. पण कंपनी असेल आणि त्याचा पगार खर्चात लिहिलेला असेल, तर 220 पुन्हा वजा करू नका. तिथे बाजारातला पगार आणि घेतलेला पगार यांतला फरक तेवढा धरा. दुसरं, त्याच तासांत नोकरीही आणि खासगी कामंही केली असती असं म्हणून दोन्ही कमाया जोडू नका. सोडलेला सर्वांत चांगला पर्याय एकच असतो.

आणि तो पर्याय आजचा हवा. पाच वर्षांपूर्वी सोडलेल्या पगाराचा आकडा मनात घट्ट बसलेला असतो. आज त्याला खरोखर 180 ची नोकरी मिळणार असेल, तर उणे 4 चे अधिक 36 होतात आणि कार्यशाळा चालू ठेवणंच फायद्याचं ठरतं.