हेपॅरिनचं इंजेक्शन आणि वॉर्फरिनची गोळी एकत्र का? डिस्चार्ज कार्ड कसं वाचावं

आधी कार्डावर औषधाचं मूळ नाव शोधा, कंपनीचं नव्हे. मग गुठळी होण्याचा शेवटचा टप्पा लक्षात घ्या. रक्त गोठवणाऱ्या घटकांना क्रमांक दिलेले असतात; त्यातला दहावा घटक जागा झाला की थ्रोम्बिन तयार होतं आणि थ्रोम्बिन फायब्रिनचे धागे विणतं. कुठलं औषध यात कुठे आडवं येतं, हेच पाहायचं आहे.

समजा, गुहागरच्या ६० किलो वजनाच्या एका मावशींच्या मांडीच्या शिरेत गुठळी झाली. रत्नागिरीहून घरी सोडताना कार्डावर लिहिलं: एनॉक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली, दिवसातून दोनदा, वॉर्फरिन ५ मिलिग्रॅम, संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा तपासणीचा आकडा, २.१ आला. मुलगा म्हणाला, "आई, आता सुया बंद करूया."

बंद करायच्या नाहीत. एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिनचंच लहान रूप. ते रक्तातल्या अँटिथ्रोम्बिनला बळ देतं आणि मुख्यतः जागा झालेला दहावा घटक निकामी करतं, म्हणून काही तासांतच लागू पडतं. वॉर्फरिन मात्र यकृतात काम करतं. जीवनसत्त्व के पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक अर्धवट तयार होतात. पण रक्तात आधीच फिरणारे चांगले घटक संपायला वेळ लागतो. सातवा साधारण सहा तासांत निम्मा होतो, तर थ्रोम्बिन ज्यापासून होतं त्या दुसऱ्याला अडीच-तीन दिवस लागतात. मावशींचा २.१ हा बराचसा सातव्याच्या घटीचा आकडा आहे. शिवाय गुठळीला आवर घालणारं प्रोटीन सी देखील याच सुमारास घटतं, म्हणजे सुरुवातीचे दिवस उलटे धोक्याचे. म्हणून दोन्ही औषधं किमान पाच दिवस एकत्र, आणि आयएनआर २ च्या वर निदान २४ तास टिकल्यावरच डॉक्टर सुई थांबवतात.

कार्डावर रिव्हारोक्साबॅन किंवा एपिक्साबॅन असेल तर ते थेट दहाव्या घटकाला अडवतं. डॅबिगॅट्रान थेट थ्रोम्बिनला. असर काही तासांत येतो आणि डोस चुकला की एका दिवसात ओसरतोही. त्यांचा परिणाम आयएनआरवर मोजता येत नाही, तेव्हा ती तपासणी उगाच करत बसू नका. हृदयात धातूची झडप बसवली असेल तर मात्र वॉर्फरिनच, नवी गोळी नाही.

काळी शी, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना गाठा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणू नका.

वॉर्फरिनवाल्यांसाठी आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे श्रावण. मासे बंद होतात आणि ताटात अळूचं फदफदं, टाकळा, शेवग्याचा पाला येतो. या पानांत जीवनसत्त्व के भरपूर, म्हणून आयएनआर उतरतो. पालेभाजी सोडायची नाही, वर्षभर साधारण तेवढीच खायची. श्रावणात वाढणारच असेल तर डॉक्टरांना आधी सांगून आठवड्याभरात आयएनआर पुन्हा तपासून घ्यायचा.